पिकरचा सुपरवायझर झालो, हे अर्जात कसं लिहू?

टॉवेल_गोडाउन
चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या गोडाउनात आहे. जून 2021 ला पिकर म्हणून लागलो, ऑगस्ट 2024 पासून सुपरवायझर. हाताखाली चौदा जण, त्यातले नऊ माझ्याबरोबरच माल काढायचे. पुण्याकडच्या एका वेअरहाऊसला शिफ्ट सुपरवायझरसाठी अर्ज करतोय. 'चौदा जणांची टीम उत्तमरीत्या सांभाळली' एवढंच सुचतंय. जुन्या दोस्तांना कामं सांगताना काय झालं, ते त्यात येतच नाही.

जुळे_सोलापूर
पिकर लिहूच नका. सुपरवायझर, 2021 पासून. मोठं पद दिसलं तरच पुढं वाचतात.

डिस्पॅच_काका
पद वर दिसावं हे बरोबर, पण 2021 पासून नको. नवी कंपनी जुन्या एचआरला पद आणि तारखा विचारू शकते. कंपनीचं नाव एकदा, त्याखाली दोन पदं, ताजं वर, महिन्यांसकट. तीन वर्षं पिकिंग केलेल्याला त्याच गोडाउनात वर घेतलं, भरतीला बसतो तेव्हा मी हेच बघतो.
'उत्तमरीत्या' काढा. मैत्री कामाच्या आड आली असा एक प्रसंग सांगा.

टॉवेल_गोडाउन
जवळचा दोस्त वरच्या रॅकचा माल न मोजताच काउंटशीट भरायचा. पिकर असताना मला माहीत होतं, बोललो नव्हतो. सुपरवायझर झाल्यावर चाळीस बिन तपासले, सहांत फरक निघाला. सगळ्यांदेखत काही बोललो नाही. शिडी लावून त्याच्याबरोबर पुन्हा मोजलं. मग दर आठवड्याला रॅक बदलायचा तक्ता लावला, माझंही नाव घालून. तीन महिन्यांनी चाळिसांत दोन.

सात_रस्ता_ताई
माझ्या बहिणीचं कापड दुकानात असंच झालं, जुन्या मैत्रिणी जेवायला बोलवेनात. पहिला महिना नरमच राहा.

टॉवेल_गोडाउन
ताई, तो महिना कधीच गेला. आता कागदावर काय लिहू ते विचारतोय.

डिस्पॅच_काका
हे लिहा: 'पूर्वीच्या नऊ सहकाऱ्यांसह चौदा जणांची शिफ्ट. मोजणीतली चूक संबंधित कामगाराबरोबर फेरमोजणी करून दाखवली, रॅकची आठवडी पाळी सुरू केली. तपासलेल्या 40 बिनांत फरक 6 वरून 2.'
टक्केवारी करू नका, चाळीस बिन म्हणजे लहान नमुना. दोन्ही वेळचे बिन तेच होते की वेगळे, हेही विचारतील. दोस्ताचं नाव नको. मुलाखतीत 'कोण नाराज झालं?' हा प्रश्न येतोच. 'कोणीच नाही' म्हणालात तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

टॉवेल_गोडाउन
तो दोन महिने बोलला नाही. तेच सांगेन. बिन निम्मे तेच होते, निम्मे नवे. अजून एक, काम एप्रिलपासूनच बघत होतो, पत्र ऑगस्टचं आहे.

जुळे_सोलापूर
मग एप्रिल लिहा की. पीएफच्या पासबुकात पद कुठं असतं!

डिस्पॅच_काका
पासबुकात नसतं, एचआरच्या फायलीत असतं. मी ऑगस्टच लिहीन, आणि पिकरच्या खाली 'एप्रिलपासून शिफ्टची प्रभारी जबाबदारी'.

जुळे_सोलापूर
चार महिने राबला तो, आणि ते खालच्या ओळीत? मला नाही पटत.