मदत हवी आहे: टी ट्री ऑइल आणि सल्फर साबणाने मुलीच्या चेहऱ्यावर पुरळ, थांबवू की चालू ठेवू?

इंदूरची_मीरा
मुलगी १६ वर्षांची आहे. गालावर आणि हनुवटीवर पिंपल्स होते. व्हिडिओ बघून तिने तीन आठवड्यांपूर्वी हे सुरू केलं: रात्री टी ट्री ऑइल नुसतंच कापसाच्या काडीने, सकाळी सल्फर साबणाचा फेस पाच मिनिटं तसाच ठेवून, आणि रविवारी मुलतानी मातीत लिंबू. पहिल्या आठवड्यात पिंपल्स खरंच सुकले. आता तोंडाच्या कडेने आणि गालावर लाल झालंय, पापुद्रे निघतात, खाज आहे, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं. बारीक बारीक पुरळ आहे, सगळं एकाच मापाचं. तेलाच्या बाटलीवर "१०० टक्के शुद्ध" लिहिलंय. दिवाळीत उघडली होती, तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. तिच्या चांदीच्या रिंगाही काळ्या पडल्या, तो साबणाचाच परिणाम का? आणि पाच टक्के तेल घरी कसं करायचं?

निसर्गप्रेमी_नीता
मीराताई, घाबरू नका. आतली घाण बाहेर येतेय, याला पर्जिंग म्हणतात. अजून दोन आठवडे चालू ठेवा. सल्फर तर जुना उपाय आहे, तेलकट त्वचेला उत्तमच. नैसर्गिक आहे, अपाय काय करणार?

फार्मसीवाला
नीताताईंचं सल्फरबद्दल अर्धं बरोबर आहे, पण दोन आठवडे थांबायचा सल्ला मानू नका. तिन्ही गोष्टी आजच बंद करा.

पर्जिंग रेटिनॉइडसारख्या औषधांत होतं, कारण ती रोमछिद्रातला साका लवकर वर आणतात. टी ट्री तसं करत नाही. शिवाय तुम्ही जे लिहिलंय ते पिंपल्सचं वर्णनच नाही. पिंपल्स लहान-मोठे मिसळून असतात, मध्ये काळे-पांढरे ठिपके असतात आणि दाबलं की दुखतात. एकाच मापाचं पुरळ, त्याला खाज आणि पापुद्रे, तेही काडी फिरवली तिथेच, म्हणजे त्वचा चिडलेली आहे. नुसती चिडली असेल तर लावल्यावर लगेच जळजळतं, आणि बंद केल्यावर काही दिवसांत उतरतं. ॲलर्जी असेल तर खाज एक-दोन दिवसांनी चढते, लावलं नव्हतं तिथेही पसरते, कधी पापण्या सुजतात. तिला कुठवर आलंय ते आरशात नाही, दिवसाच्या उजेडात बघा.

संशय बाटलीवर आहे. टी ट्री तेल हवा, उजेड आणि उष्णता लागून ऑक्सिडाइझ होतं, आणि त्यातून बनणारे घटक ताज्या तेलापेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जी करतात. दिवाळीपासून अर्धी उघडी बाटली, इंदूरच्या मे महिन्यात ओट्याजवळच्या खिडकीत! याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. वासावर भरवसा ठेवू नका, वास फारसा बदलला नाही तरी तेल बिघडलेलं असू शकतं.

पलासियाचे_काका
मला पायाच्या नखाला बुरशी आहे. हेच तेल चालेल का? आणि किती थेंब?

फार्मसीवाला
काका, हा पिंपल्सचा धागा आहे. नखासाठी वेगळा धागा काढा.

आता पाच टक्क्यांबद्दल. हा आकडा आला कुठून ते आधी बघा. १९९० च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १२४ जणांवर पाच टक्के टी ट्रीचं जेल आणि पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं लोशन यांची तुलना झाली. दोन्हींनी पिंपल्स कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी होती. इराणच्या २००७ च्या चाचणीत ६० जणांनी पाच टक्के जेल दिवसातून दोनदा, २० मिनिटं ठेवून धुतलं, ४५ दिवस, आणि ते बिनऔषधी जेलपेक्षा सरस ठरलं. दोन्ही चाचण्या लहान आहेत, म्हणून पुरावा आहे पण भक्कम नाही. शुद्ध तेल मात्र कुठल्याच गटाला लावलेलं नव्हतं. तुमच्या मुलीने त्याच्या वीसपट लावलंय.

घरी करायचं तर १० मिलीमध्ये अर्धा मिली तेल. थेंब मोजू नका, ड्रॉपरगणिक थेंब बदलतो. चाळीस युनिटवाल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर, सुई काढून, २० युनिट म्हणजे अर्धा मिली. पण अडचण अशी, की तेल कोरफडीच्या जेलमध्ये विरघळत नाही. ढवळलं तरी तासाभरात वर तरंगतं, मग एका बोटाला नुसतं जेल आणि दुसऱ्याला जवळजवळ शुद्ध तेल. म्हणून तयार पाच टक्के जेल घ्या, पॅकवर टक्केवारी छापलेलं. दवाबाजारात विचारा.

सियागंज_बाजार
साबणात सल्फर किती कोणाला ठाऊक! आमच्या बाजारात गंधकाची पावडर किलोने मिळते, तीच गुलाबपाण्यात कालवून लावा ना. स्वस्त.

फार्मसीवाला
ती चेहऱ्याला नको. कण जाडे, अशुद्धी किती ते माहीत नाही. लोशनमध्ये सल्फर साधारण ३ ते १० टक्के असतं आणि खूप बारीक केलेलं. ते वरची मृत त्वचा सैल करतं, म्हणूनच जास्त झालं की पापुद्रे निघतात. एकट्या सल्फरवरचा पुरावा टी ट्रीपेक्षाही तुटपुंजा आहे. बहुतेक जुन्या चाचण्यांत ते दुसऱ्या औषधाबरोबरच होतं.

मीराताई, रिंगा काळ्या पडल्या त्या साबणाच्या सल्फरनेच. चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. त्यावरून एवढं कळतं, की फेस नुसता धुवून गेला नाही, सल्फर कानापर्यंत राहिलं. साबणाचा अल्कलीपणा त्यात वेगळा, आणि लिंबाचं आम्ल तर चिडलेल्या त्वचेवर मीठच. लिंबू लावून उन्हात गेली तर डागही पडतील.

नीलगंगा
मला सल्फाची ॲलर्जी आहे. मग सल्फरही नको ना?

फार्मसीवाला
नावं जवळची, पदार्थ वेगळे. सल्फा औषधांच्या ॲलर्जीत साधं सल्फर चालतं. मात्र सल्फरच्या काही लोशनमध्ये सल्फासेटामाइडही असतं, ते तुम्हाला नको. घटक वाचूनच घ्या.

निसर्गप्रेमी_नीता
सल्फरने उलट रोमछिद्रं बंद होतात असंही मी वाचलंय. मग ते देतात कशाला?

फार्मसीवाला
हा वाद सत्तरच्या दशकापासून आहे. एका चाचणीत तसं दिसलं, नंतरच्या चाचणीत नाही दिसलं. मी तरी त्या भीतीने सल्फर नाकारणार नाही, कोरडेपणाच्या भीतीने नाकारेन.

मीराताई, पुढचे दोन आठवडे: कोमट पाणी, सौम्य बिनवासाचा क्लेन्झर, ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा पातळ व्हॅसलीन. घरातलं खाजेचं मलम चेहऱ्याला लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने पिंपल्स वाढतात. पापण्या सुजल्या, पाणी सुटलं किंवा चार-पाच दिवसांत उतरलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ. शांत झाल्यावर एकच गोष्ट सुरू करा. जेल घेतलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदाच लावून बघण्यात ॲलर्जी सुटून जाते. ॲलर्जीच ठरली, तर टी ट्री कायमचं बंद.

इंदूरची_मीरा
सगळं बंद केलं. बाटली टाकून दिली.

फार्मसीवाला
अरेरे, टाकायला नको होती. पॅच टेस्टला डॉक्टर रुग्णाचंच तेल मागतात, पातळ करून लावायला. डब्यात आहे का अजून?

इंदूरची_मीरा
कचरागाडी सकाळीच येऊन गेली. दुकानाचं बिल आहे, त्यावर नाव आहे. आणि आता नीट बघितलं तर उजव्या पापणीजवळही लाल आहे, तिथे तिने काहीच लावलं नव्हतं.

फार्मसीवाला
मग चार-पाच दिवस थांबू नका, उद्याच दाखवा. बिल आणि साबणाचं वेष्टन बरोबर न्या, सल्फरही संशयितांत आहेच.