मदत हवी आहे: बातमीतलं 'स्टॅगफ्लेशन' म्हणजे नेमकं काय?

कोरीपाटी: आज वाचलं, 'अर्थव्यवस्था स्टॅगफ्लेशनच्या उंबरठ्यावर, मध्यवर्ती बँक कात्रीत.' वाढ मंदावलेली आणि महागाई चढलेली, एवढं कळलं. पण लोकांनी खरेदी कमी केली तर भाव उतरायला हवेत ना? आणि बँक कात्रीत का?

सडेतोड: सोपं आहे. सरकारं वारेमाप नोटा छापतात, त्याचं हे फळ.

जुनंखोड: सडेतोड, अर्धंच सांगितलंत. नुसता पैसा वाढला तर भावांबरोबर सुरुवातीला धंदाही वाढतो. इथे धंदा बसलाय.

कोरीपाटी, मागणी घटून मंदी आली तर भाव नरमतात, हे बरोबर. पण धक्का पुरवठ्याला बसला तर? १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल देणं थांबवलं. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. कारखान्यांचा खर्च वाढला म्हणून माल महागला. तेलावर जास्त पैसे गेल्यामुळे लोकांनी बाकीची खरेदी आवरली, म्हणून उत्पादन घटलं. एकाच कारणाने दोन्ही झालं. १९७४ मध्ये तिथली महागाई ११ टक्के होती आणि १९७५ च्या मे महिन्यात बेरोजगारी ९ टक्क्यांवर गेली.

कात्री अशी की व्याजदर वाढवला तर बेरोजगारी वाढते, उतरवला तर महागाई भडकते. आणि व्याजदराने तेल काही जास्त निघत नाही.

हप्तेबाज: माझं गृहकर्ज बदलत्या दराचं आहे. मंदी आली की हप्ता कमी होणार ना?

जुनंखोड: नेहमीच्या मंदीत बहुधा होतो. यात भरवसा नाही. पॉल व्होल्कर १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. त्यानंतर दर २० टक्क्यांच्या आसपास गेले, तेही मंदी असताना. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के झाली, तेव्हा कुठे महागाई आटोक्यात आली.

सडेतोड: पण अमेरिकेत तेलबंदीच्या आधीच महागाई चढत होती. मग सगळं खापर तेलावर कसं?

जुनंखोड: हा मुद्दा मान्य. पैसा आधीपासून सैल होता, तेलाने भडका उडाला. कुणाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात.

कोरीपाटी: मग बातमी खरी की नुसता मथळा, हे कसं ओळखायचं?

जुनंखोड: एका तिमाहीवर जाऊ नका. बेरोजगारी वाढतेय का बघा. अन्न-इंधन वगळूनही भाव चढतायत का, तेही बघा. फक्त इंधन महागलं असेल तर वर्षभरात ते ओसरू शकतं. पुढेही भाव वाढणारच असं धरून पगार आणि किमती ठरू लागल्या की मात्र ते चिकटतं.

कोरीपाटी: बातमीत बेरोजगारीचा आकडाच नाहीये.

सडेतोड: मग नुसता मथळा.

जुनंखोड: तसंही नाही. नोकरकपात बऱ्याचदा उशिरा दिसते. दोन-तीन तिमाह्यांचे आकडे असतील तर इथे टाका, बघू.