रजेचे अर्ज, मंजुरी, उत्तरं जपून ठेवता का? कधी कामी आलं का? अनुभव लिहा

पेठेतला_पाहुणा
आमच्या कंपनीने एप्रिलपासून रजेचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवीन आणलं आणि त्यात माझी मागची सगळी हिस्टरी गायब, नुसता बॅलन्सचा एक आकडा आलाय तोही चुकीचा. वर एचआर म्हणतं की डिसेंबरमधली रजा सिक लीव्ह नव्हती, प्रिव्हिलेज होती. माझ्याकडे मॅनेजरचा अप्रूव्हलचा मेल होता म्हणून निदान भांडता तरी येतंय. तुम्ही लोक नक्की काय काय ठेवता आणि प्रत्यक्ष वाद झाला तेव्हा त्यातलं काय चाललं ते लिहा. सरकारी, खाजगी, कारखाना सगळेच लिहा.

निवांत_आता
मी जिल्हा परिषदेतून रिटायर झालो. निवृत्तीच्या चार महिने आधी सेवापुस्तक हातात घेतलं तर अर्जित रजा शिल्लक 251, आणि माझ्या हिशोबाने 277 पाहिजे. फरक बरोब्बर 26 चा. म्हणून मागे मागे जात रजा लेख्याचं एकेक पान बघितलं, तर 2011 ला मला टायफॉइड झाला होता तेव्हाची 26 दिवसांची रजा अर्जित रजेच्या रकान्यात वजा केलेली. मी अर्ज केला होता वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजेचा, म्हणजे अर्धवेतनी खात्यातून दुप्पट 52 दिवस जायला पाहिजे होते आणि अर्जित रजेला हातच लागायला नको होता.

आता हा फरक किती पैशाचा ते बघा. निवृत्तीला शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, जास्तीत जास्त 300 दिवसांचे, मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले 30 असा दिवसाचा दर. माझं मिळून 84 हजार होतं, म्हणजे दिवसाला 2800, गुणिले 26 म्हणजे 72 हजार 800 रुपये. एका रकान्यात चुकून लिहिलं त्याचे.

क्लार्क पोरगा नवीन, बिचाऱ्याचा काही दोष नाही, तो म्हणाला काका फाइलमधे आदेशच नाहीये, मी काय आधाराने दुरुस्त करू. माझ्याकडे घरी पत्र्याच्या पेटीत आदेशाची प्रत होती, तीवर जावक क्रमांक आणि तारीख. मग त्याने 2011 चं जावक रजिस्टर माळ्यावरून काढलं, क्रमांक जुळला, तिथून सगळं सरळ झालं. जुनी नोंद लाल शाईने रद्द, नवीन नोंद, साहेबांची सही. तरी साहेबांनी एक गोष्ट तपासायला लावली, की 2011 ला माझ्या अर्धवेतनी खात्यात तेवढे 52 दिवस होते का. नसते तर आदेश असूनही गाडी अडली असती. होते.

आस्थापना_टेबल
वरच्या काकांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, बहुतेक लोक तिथेच अडकतात. मी आस्थापना शाखेत आहे, रोज हेच बघतो. लोक अर्जाची झेरॉक्स आणतात आणि म्हणतात हा घ्या पुरावा. अर्जावरून एवढंच कळतं की तुम्ही मागितलं. तेही त्यावर आवक शिक्का आणि क्रमांक असेल तरच, नुसती झेरॉक्स तर तुम्ही काल रात्री घरी बसून पण लिहू शकता. मंजूर काय झालं ते आदेशात. आणि प्रत्यक्ष किती दिवस गेलात ते रुजू अहवालात. माझा अनुभव असा की तारखांची भांडणं ऐंशी टक्के या तिसऱ्या कागदावर येतात आणि तोच कोणी ठेवत नाही.

उदाहरण देतो. एका बाईंनी सोमवार ते शुक्रवार रजा घेतली, पुढचे आणि मागचे शनिवार रविवार जोडून. आमच्याकडे 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पुढच्या सोमवारी सकाळी हजर झाल्या तर रजा 5 दिवस. पण रुजू अहवालावर नुसती तारीख होती, म.पू. की म.नं. लिहिलंच नव्हतं, आणि त्या दिवशी त्या पंचिंग विसरलेल्या. ऑडिटवाल्याने त्यांना सोमवारी गैरहजर धरलं, रजा त्या सोमवारपर्यंत लांबली असं मानलं, मग मधला शनिवार रविवार पण रजेत. पाचाचे आठ झाले. त्यांच्याकडे स्वतःच्या रुजू अहवालाची पोच होती, तीवर आवक क्लार्कने सवयीने सकाळी 10:10 अशी वेळ टाकलेली. त्या वेळेवर तीन दिवस परत मिळाले.

त्यामुळे रुजू होताना दोन प्रती करा, एकीवर सही शिक्का घ्या, म.पू. लिहा. आणि जोडून सुट्ट्या अर्जातच लिहा, मुख्यालय सोडायच्या परवानगीसकट, नंतर तोंडी सांगून चालत नाही.

रात्रपाळी_भोसरी
आमच्याकडे आदेश बिदेश काही नसतं. सुपरवायझर म्हणतो जा रे जा, आणि महिन्याच्या शेवटी स्लिपवर विनावेतन. मी एक शंभर पानी वही केलीये, तारीख, पाळी, कोणाला सांगितलं, तो काय म्हणाला, शेजारी कोण होतं. त्याच दिवशी लिहितो. आणि सुपरवायझरला मेसेज टाकतो, "साहेब, तुम्ही म्हणाला तसं 14 आणि 15 ला सुट्टीवर आहे, पगारी रजेतून धरा". तो फक्त अंगठा टाकतो. पण अंगठा टाकतो.

एकदा टाइम ऑफिसने चार दिवस गैरहजर लावले, वही नेली, साहेब हसले, पण मेसेज दाखवल्यावर हसले नाहीत. दोन दिवस भरून दिले. बाकी दोन अजून नाही, मेसेज नव्हता.

कोडिंग_मावशी
एवढं कशाला करताय, व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट असला की विषय संपला, आजकाल कोर्टात पण चालतो.

युनियनचा_माणूस
मावशी, अर्धं बरोबर. ऑफिसातल्या ऑफिसात मिटवायचं असेल तर स्क्रीनशॉट चालून जातो, समोरचा नाकारत नाही. पण त्याने नाकारलं तर? स्क्रीनशॉटमधे वरचं नाव तुम्ही सेव्ह केलेलं असतं, नंबर दिसत नाही, बऱ्याचदा वर्ष पण दिसत नाही, नुसतं "मंगळवार". कोर्टापर्यंत गेलं तर नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन कुठाय विचारतात. त्यामुळे चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा आणि जुना फोन एक्स्चेंजमधे देण्याआधी बघा त्यात काय आहे. आमच्या एका केसमधे पोरीने फोन बदलला, बॅकअप नव्हता, डिलिव्हरीच्या आधीच्या रजेचं सगळं बोलणं गेलं.

आणि दुकानं आस्थापनावाल्यांसाठी: महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात पगारी रजा 45 दिवसांपर्यंत साठते. ती पूर्ण साठलेली असताना तुम्ही 15 दिवस आधी अर्ज केला आणि मालकाने नाकारलं तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. म्हणजे इथे नकार हाच तुमचा कागद आहे. लोक मंजुरीचे मेल ठेवतात आणि "सध्या काम आहे, नंतर बघू" हा मेल चिडून डिलीट करतात. तोच ठेवा.

सईची_आई
माझ्या बहिणीचं लग्न 22 ला आहे आणि बॉस म्हणतो क्लोजिंग आहे, रजा नाही. अशा वेळी काय लिहायचं अर्जात म्हणजे देईल?

पेठेतला_पाहुणा
ताई हा धागा रजा मिळवायचा नाहीये 😀 पण वरच्या दादांचं वाचा, आत्ताच लेखी अर्ज टाका, नाही म्हणाला तर ते पण लेखी घ्या.

कोडिंग_मावशी
बरं, मान्य, फोनचं मला माहीत नव्हतं. माझा एक मुद्दा तरी घ्या. आयटीत बॅलन्सपेक्षा पगाराची स्लिप आधी बोलते. स्लिपवर पेड डेज असतात. 31 चा महिना आणि पेड डेज 29 दिसले की समजायचं दोन दिवस कुठेतरी अप्रूव्ह न होता पडलेत. आमच्याकडे 25 तारखेला पेरोल लॉक होतं, त्यानंतर मॅनेजरने अप्रूव्ह केलं तर सिस्टीममधे हिरवं दिसतं पण पगार कापलेलाच असतो, आणि पुढच्या महिन्यात परत येईलच असं नाही. म्हणून मी रजेच्या पानाचा पीडीएफ आणि स्लिप एकाच फोल्डरमधे ठेवते, महिन्याच्या नावाने. मेलचा विषय पण ठरलेला, "रजा 9 ते 13 जून, सिक", म्हणजे नंतर शोधता येतं. "लीव्ह रिक्वेस्ट" म्हणून शोधलं तर दीडशे मेल येतात.

पेठेतला_पाहुणा
हे भारी आहे, डिसेंबरची स्लिप काढून बघतो. पण प्रश्न असा की ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलला फॉरवर्ड करायचे का? आमच्या पॉलिसीत मनाई आहे. आणि नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी लॉगिन बंद.

आस्थापना_टेबल
आमच्याकडे हा प्रश्न नाही, स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते. आणि दुय्यम सेवापुस्तक मागून घ्या, ते कर्मचाऱ्याकडेच असायला पाहिजे. मूळ पुस्तकावर वर्षातून एकदा सही घेतात तेव्हा सगळे आंधळेपणाने सही करतात, त्याच वेळी रजा लेख्याच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवस जमा झालेत का एवढं बघा. विनावेतन असाधारण रजा घेतली असेल तर पुढच्या सहामाहीत 15 पेक्षा कमी जमा होतात, एक दशांश कापतात, तेव्हा कमी दिसलं की लगेच भांडायला येऊ नका 😄 किरकोळ रजेचे अर्ज मात्र ऑफिस फार काळ ठेवत नाही, त्याची वही तुमची तुम्हीच.

युनियनचा_माणूस
जीमेलचं माझं मत, फॉरवर्ड करू नका, त्यावरच उलटी नोटीस आलेली पाहिलीये. फक्त स्वतःच्या रजेचं पान प्रिंट काढा. त्यात कंपनीचं गुपित काय असणार?

कोडिंग_मावशी
आमच्याकडे प्रिंटची पण नोंद राहते. मी स्क्रीनचा फोटो काढते फोनने. ते पॉलिसीत बसतं का कुणाला माहीत.

ठेकेदाराकडून
मी एका सरकारी ऑफिसात एजन्सीमार्फत डेटा एंट्री करतो. रजा तिथले साहेब मंजूर करतात, पगार एजन्सी कापते आणि म्हणते आम्हाला कोणी कळवलंच नाही. दोन वर्षांत एजन्सी पण बदलली. मी अर्ज कोणाला द्यायचा आणि पोच कोणाची घ्यायची?

युनियनचा_माणूस
अर्ज साहेबांना, प्रत एजन्सीला, दोघांच्याही मेलवर एकाच वेळी. हजेरीपत्रक साहेब सही करून एजन्सीला पाठवतात ना, त्याचा महिन्याला फोटो काढ, पगार त्याच्यावर निघतो.

ठेकेदाराकडून
फोटो काढू देत नाहीत दादा. बघतो, जो पोरगा पत्रक टाइप करतो तो ओळखीचा आहे. पण जुन्या एजन्सीच्या काळातले सहा दिवस राहिलेत, ते कोणाकडे मागायचे?