मदत हवी आहे: जठराच्या ऑपरेशनआधी आर्जिनिन-ओमेगा थ्रीची पावडर द्यावी का?

जुळेसोलापूरकर
बाबा 61 वर्षांचे, जठराचा कॅन्सर. ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय, इथेच सोलापुरात. पाच महिन्यांत वजन 62 वरून 53 किलोवर आलं. चार घासांत पोट भरतं म्हणतात. सर्जननी आर्जिनिन आणि ओमेगा थ्री असलेली पावडर ऑपरेशनआधी सात दिवस, रोज तीनदा लिहून दिलीय. खर्च आम्हाला जड आहे. खरंच फरक पडतो का, की साधी प्रोटीन पावडर चालेल?

कडकभाकरी
शेंगदाण्यात आर्जिनिन असतंच की, आणि जवसात ओमेगा थ्री. घरची शेंगाचटणी, जवसाची चटणी द्या.

आहारकट्टा
दाण्यात आर्जिनिन आहे, पण 100 ग्रॅममध्ये साधारण 3 ग्रॅम. पावडरीतून दिवसाला 12 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे रोज 400 ग्रॅम दाणे! काकांना दहा दाणेही जड जातील. जवसातला ओमेगा थ्री माशाच्या तेलातल्यापेक्षा वेगळा, आणि शरीर त्याचं फार थोडं रूपांतर करतं.

आता मूळ प्रश्न. इटलीत 2002 साली 305 रुग्णांवर अभ्यास झाला. आधी पाच दिवस अशी पेयं घेतलेल्यांत इन्फेक्शन 14 टक्के, काहीच न दिलेल्यांत 30 टक्के. मोठा फरक आहे, पण तुलना ‘काहीच नाही’शी होती. जिथे दुसऱ्या गटाला तेवढ्याच कॅलरी-प्रोटीनचं साधं पेय दिलं, तिथे फक्त ऑपरेशनआधी देण्याचा वेगळा फायदा नीट दिसत नाही. मृत्यू कमी झाल्याचंही दिसलेलं नाही.

काकांचं वजन साडेचौदा टक्के उतरलंय, माझ्या मते खरा धोका तोच. सात दिवस उरेपर्यंत थांबू नका, साधी पावडर आजच सुरू करा. दिवसाला 65 ते 80 ग्रॅम प्रोटीन आणि 1350 ते 1600 कॅलरी हव्यात. जेवणासोबत नको, मधल्या वेळात घोट घोट द्या. किती गेलं ते वहीत लिहा. निम्म्याच्या वर जातच नसेल तर वाट न बघता सर्जनना सांगा. नाकातून नळी घालावी लागेल किंवा तारीख पुढे न्यावी लागेल.

भूलतज्ज्ञ_निवृत्त
बाकी पटलं. पण इतकं वजन उतरलेल्या माणसाला मी ती पावडर दिली असती, आणि ऑपरेशननंतरही चालू ठेवली असती. युरोपातल्या मार्गदर्शनात कुपोषित रुग्णांसाठी नंतर देण्यावरच जास्त भर आहे.

आहारकट्टा
नंतर देण्याबद्दल मान्य. आधीच्या सात दिवसांसाठी कुणी कर्ज काढावं, इतका पुरावा मला दिसत नाही.

प्राजक्ता_बार्शी
माझ्या आईची केमो चालू आहे. या पावडरीने गाठ लवकर विरघळेल का?

आहारकट्टा
नाही ताई. हे सगळे अभ्यास ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनबद्दल आहेत, गाठीबद्दल नाहीत. आईंचं वजन उतरत असेल तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

जुळेसोलापूरकर
साधी पावडर आजच आणतो, महागडीचं उद्या सर्जनशी बोलतो. बाबांना शुगरही आहे, मग पावडर कमी द्यायची का?

आहारकट्टा
अजिबात नाही. पिल्यावर दोन तासांनी शुगर तपासा. वाढली तर डॉक्टर गोळ्या किंवा इन्सुलिन बदलतील. शुगरच्या भीतीने खाणं तोडू नका.