बाळाचं वजन रेषेच्या आत आहे, पण वाढ मंदावली: आधी तपासण्या की आधी दूध?

ओवी२
मुलगी आज तीन महिन्यांची झाली. फक्त अंगावर पिते. जन्माला ३.२ किलो, महिन्याची ४, दोन महिन्यांची ४.६ आणि आज ४.८. लांबी आणि डोक्याचा घेर पहिल्यासारखेच वाढतायत. हसते, हात-पाय मारते, ताप नाही, उलट्या नाहीत. लसीकरणाच्या वेळी तक्ता बघून सांगितलं, "खालच्या रेषेच्या वर आहे, काळजी नको." नवरा म्हणतो सगळ्या तपासण्या करून टाकू. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाहीये, वरचं चालू कर. नेमकं काय करावं?

रानवाट
तीन महिन्यांचं बाळ हसतंखेळतं असेल तर काट्याकडे बघायचंच कशाला? हे तक्ते बाहेरच्या गुटगुटीत, डब्याच्या दुधावरच्या मुलांवरून बनवलेत. आईवडील चणीने लहान असतील तर बाळही लहानच राहणार. जन्माचं वजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर ठरतं, नंतर बाळ स्वतःच्या रेषेवर उतरतं, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. उगाच आईला घाबरवू नका.

तळ्याकाठी
असंच ऐकत बसलो म्हणून आमचे दोन महिने वाया गेले. मुलगा दोन-चार मिनिटं प्यायचा की दमून सोडून द्यायचा, पिताना कपाळावर घामाचे थेंब यायचे, श्वास भरभर चालायचा. सगळे म्हणत होते, नीट पाजत नाही. हृदयाला छिद्र निघालं. ओवीताई, थांबू नका. रक्त, लघवी, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं एकदम करून घ्या. दूध नंतर बघता येतं.

दाईमावशी
बाळांच्या वॉर्डात आणि स्तनपान विभागात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानवाट, बाळं जन्मरेषेवरून हळूहळू आपल्या रेषेवर उतरतात हे खरं आहे. पण तसं होताना वजन आणि लांबी बरोबरीने उतरतात आणि वजन रोज वाढतच असतं. इथे तसं नाहीये. तक्त्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या निरोगी, आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरूनच बनवलेत. डब्याच्या दुधाचा आक्षेप जुन्या तक्त्यांना लागू होता, यांना नाही.

आता ओवीचे आकडे बघा. मुलींच्या तक्त्यावर जन्माचं ३.२ म्हणजे बरोबर मधली रेषा. दोन महिन्यांचं ४.६ म्हणजे पंधराव्या रेषेच्या किंचित वर. आजचं ४.८ मात्र तिसऱ्या आणि पंधराव्या रेषेच्या मध्ये. "रेषेच्या आत आहे" हे खरंच आहे, कारण शंभर निरोगी मुलींतल्या तिघी तिसऱ्या रेषेच्या खालीच असतात. पण तक्ता एका ठिपक्यावरून वाचत नाहीत, ठिपके जोडून वाचतात. पहिल्या महिन्यात रोज साधारण २६ ग्रॅम वाढले, दुसऱ्यात २०, आणि तिसऱ्यात जेमतेम ७. मधल्या रेषेवरची मुलगी या महिन्यात ७०० ग्रॅमच्या आसपास वाढते, ही २०० वाढली. हा उतार मला चालणार नाही.

तरी तळ्याकाठी, तुमच्या मुलाची खूण पिण्यातच दिसत होती. घाम, दमणं, धापा. त्या दिसल्या तर मीही एक दिवस थांबणार नाही. हिरवी उलटी, ताप, सुस्ती, शू खूप कमी होणं, यांनाही थांबणं नाही. पण वजन घसरलं, लांबी आणि डोकं टिकलं, हा क्रम बहुतेक वेळा पोटात कमी जातंय असं सांगतो. ओवी, मला हे सांग: चोवीस तासांत किती वेळा पाजतेस, रात्री किती झोपते, शूचे डायपर किती, आणि दुसऱ्या महिन्यात काही बदललं का?

पाऊलखुणा
माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, काहीच खात नाही, दूध मात्र तीन-चार बाटल्या पितो. त्यालाही हाच तक्ता लागतो का?

दाईमावशी
तक्ता लागतो, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे, दुधाने भूक मारली जातेय. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

ओवी२
मावशी, दिवसातून पाच-सहा वेळा. रात्री सलग आठ तास झोपते, सगळे म्हणतात भाग्यवान आहेस. चोखणी देतो. ओले डायपर चार, कधी पाच. पिताना लगेच डोळे मिटते. आणि हो, सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर मी गर्भनिरोधक गोळ्या चालू केल्या. त्याचा संबंध असतो?

दाईमावशी
असू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काही आयांचं दूध कमी होतं. तुझ्या पाकिटावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना दाखव, दुसरा पर्याय असतो. शिवाय आठ तासांची झोप आणि चोखणी मिळून दोन-तीन पाजण्या गळतायत. शांत, गुणी बाळं भूक लागली तरी रडून मागत नाहीत, तिथेच फसगत होते.

अंदाजापेक्षा मोजून बघ. ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा बाळांचा काटा भाड्याने आण. पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत, डायपर न बदलता वजन कर. जितके ग्रॅम वाढले साधारण तितके मिलीलिटर दूध गेलं. एका वेळेवरून काही ठरवू नकोस, पूर्ण दिवसाची बेरीज घे. ढोबळ गरज किलोमागे १५० मिली, म्हणजे तिला ७२० च्या आसपास.

रानवाट
असं काट्यावर ठेवत राहिलात तर आईचं दूध धास्तीनेच आटेल. हे मी घरात पाहिलंय.

दाईमावशी
ती भीती खरी आहे. म्हणून रोज नाही, फक्त एक दिवस. नंतर आठवड्यातून एकदा, सकाळी पाजण्याआधी, उघड्या अंगाने आणि त्याच काट्यावर. भरलेलं पोट आणि डायपर मिळून सहज दीडशे ग्रॅमचा फरक पाडतात.

ओवी२
काल दिवसभर केलं. बेरीज ४८० आली. मला रडूच आलं. पकडही बघितली, ती फक्त टोक धरते, गिळल्याचा आवाज सुरुवातीची दोन मिनिटं येतो आणि मग नुसतं चोखणं.

दाईमावशी
मग उत्तर बरंचसं मिळालं. दर अडीच-तीन तासांनी उठवून पाज, रात्रीही. चोखणी बंद. गिळणं थांबलं की स्तन हाताने दाब, मग बाजू बदल. पाजून झाल्यावर दूध काढून वाटी-चमच्याने दे. तेवढं पुरलं नाही तर डॉक्टरांना विचारून वरचं दूधही दे, त्यात कमीपणा नाही, मात्र पाण्याचं माप डब्यावर लिहिल्याप्रमाणेच. कमी पडणारं दूध पोटात जायला लागलं की आठवड्याभरात काटा हलतो, बहुतेकदा रोज ३० ग्रॅमच्या वर. पुरेसं जाऊनही हलला नाही, तर आजार शोधायचा.

तळ्याकाठी
आठवडा थांबायला माझा विरोध आहे. निदान लघवीची तपासणी आजच करा. एवढ्या लहान बाळाला लघवीचा संसर्ग तापाशिवायही असतो.

दाईमावशी
लघवीचं मान्य, ती साधी तपासणी आहे. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून हृदय ऐकावं हेही मान्य. पण ४८० चा आकडा हातात असताना रक्ताच्या दहा नळ्या काढायला माझा नकार आहे. त्यासाठी या आठवड्याचं वजन बघू.

तळ्याकाठी
तुमचं पटलंय असं नाही. ओवीताई, डॉक्टरांकडे जाताना तिला पिताना मोबाइलवर चित्रित करून न्या. आमच्या डॉक्टरांना तेवढ्यावरूनच संशय आला होता.

ओवी२
उद्या सकाळची वेळ मिळालीय. गोळ्यांचं पाकीट, कालची बेरीज आणि व्हिडिओ, तिन्ही नेते.