अनुभव धागा: अभ्यासक्रम वरून ठरलेला आणि वर्ग आपल्या हातातला

ठरवून दिलेल्या क्रमात किंवा वेळेत तुम्ही कधी बदल केलात का? काय बदललंत आणि पुढे काय झालं, ते लिहा. पालकांनीही लिहावं.

गणित शिक्षक, माध्यमिक
आमच्याकडे अपूर्णांक, मग भूमिती, मग शेकडेवारी असा क्रम होता आणि सत्राअखेर सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका. अपूर्णांकांच्या आधी मी एक छोटी चाचणी घेतली. अर्ध्याहून जास्त मुलांनी २/३ + १/४ = ३/७ लिहिलं. अंशात अंश, छेदात छेद. उत्तर २/३ पेक्षाही लहान येतंय, हे कुणालाच खटकलं नाही. म्हणजे अपूर्णांक ही एकच संख्या आहे, हेच पोचलेलं नव्हतं. मग मी संख्यारेषेवर सममूल्य अपूर्णांक करून घेतले, ८/१२ आणि ३/१२ शेजारी मांडले आणि भूमिती पुढे ढकलली. पुढे शेकडेवारी झपाट्याने झाली, कारण छेद १०० करणं मुलांना नवं नव्हतं. पण सत्र परीक्षेत भूमितीचे प्रश्न होते आणि माझा वर्ग मागे पडला. मला वाटतं, टप्प्याच्या शेवटी काय यायला हवं ते केंद्राने ठरवावं. क्रम आणि तासिका शाळेकडे असाव्यात. दर सत्राला एकच पेपर असेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहतं.

भाषा शिक्षिका
फिनलंडसारखं करावं. तिथे अभ्यासक्रमच नसतो, शिक्षक हवं ते शिकवतात.

शिक्षक प्रशिक्षक
ताई, तसं नाही. तिथे राष्ट्रीय गाभा अभ्यासक्रम आहे. २०१४ चा आराखडा २०१६ पासून वर्गांत आला. त्यावरून नगरपालिका आणि शाळा आपला आराखडा करतात. पुस्तक आणि पद्धत शिक्षक निवडतो, हे तुमचं बरोबर आहे. पण तिथे शाळेत शिकवायला साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते आणि राष्ट्रीय पातळीची मोठी परीक्षा उच्च माध्यमिकच्या शेवटीच येते. या दोन गोष्टी वगळून नुसतं स्वातंत्र्य उचलता येत नाही.

पालक
मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलली. अपूर्णांक दोनदा झाले, दशांश एकदाही नाही. जुन्या शाळेत ते पुढे होते, नव्या शाळेत आधीच होऊन गेले होते. क्रम शाळेने ठरवायचा, तर अशा मुलांचं काय?

नवी शिक्षिका
मला तर तयार पाठ हवे होते. आमच्या शाळेने ‘तुम्हीच ठरवा’ म्हटलं, पण नियोजनाला तासिका दिल्या नाहीत. मी जुन्या पुस्तकातले धडे ओळीने घेतले.

गणित शिक्षक, माध्यमिक
पालकांचा मुद्दा खरा आहे. मुलाबरोबर ‘काय झालं, काय राहिलं’ अशी नोंद गेली तर थोडं सावरेल. पण ती वाचून राहिलेलं कुणी आणि कोणत्या तासाला भरून काढायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाच्या शाळेत हे जमलंय का?