मदत हवी आहे: मैत्रिणीला कायमचं ‘नाही’ कसं सांगू?

मी म्हापशाची. फोंड्याची माझी शाळेपासूनची मैत्रीण थेट विक्रीच्या व्यवसायात उतरली आहे आणि मी तिच्याखाली जोडलं जावं असा तिचा आग्रह आहे. सुरुवातीला १८ हजारांचा माल घ्यायचा. २०२१ च्या थेट विक्री नियमांत विचार करायला मुदत आणि त्या मुदतीत दंड न भरता माघार घेता येते, अशी तरतूद आहे, हे मी वाचलंय. पण माझा प्रश्न पैशांचा नाहीच. मला नातेवाइकांना माल विकायचा नाही.

चूक माझीच झाली. आधी म्हटलं, “आत्ता पैसे नाहीत.” ती म्हणाली, “हप्त्यांनी घे.” मग म्हटलं, “वेळ नाही.” तर, “आठवड्याला दोनच तास गो!” मी दिलेल्या प्रत्येक कारणावर तिच्याकडे उत्तर तयार. आता रविवारी ती तिच्या वरच्या बाईंना घेऊन घरी येणार आहे. त्या दोघींसमोर मला बोलताच येणार नाही.

म्हणून आधीच तिला एकटीला फोन करून एवढंच सांगावं म्हणते: “मी विचार केला, मी जोडली जाणार नाही, पुढेही नाही. रविवारी तू एकटीच ये, जेवायलाच ये.” कारण मुद्दाम देत नाहीये.

हे तोडून टाकल्यासारखं वाटेल का? आणि तिचं मन राखायला एखादा साबण, टूथपेस्ट घेतली तर चालेल, की त्यातून पुन्हा आशा लागेल? या प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगा. तिची मैत्री मला गमवायची नाही.